स्पॉयलर असतो तो ‘पण’मध्ये

काही वर्षांपूर्वी धरमपेठेतल्या एका ठेल्यावर तर्री पोहे खाता खाता मी एका मित्राला ‘डार्क’ ही जर्मन सिरीज बघायची गळ घालत होतो. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, “स्टोरीतलं एक अक्षर सांगत नाही. फक्त अमुक नंबरच्या एपिसोडपर्यंत सोडू नको. त्याच्या शेवटी तुझं डोकं फिरते का नाही पाह्य.” (एपिसोडचा आकडा इथे मुद्दाम गाळला आहे. का, ते पुढे कळेल.) पोह्यांचे पैसेही मीच दिले. आपण मित्राचं भलं केलं, अशा समाधानात घरी आलो.

दहा दिवसांनी त्याचा फोन. “अबे, वाट लावली तू. मी सिरीज पाहून नव्हतो राहिलो, तुझा तो एपिसोड कधी येते याची वाट पाहून राहिलो होतो. प्रत्येक सीनमध्ये वाटे, हेच असन. आणि आलं तेव्हा तं मला आधीच समजून गेलं होतं.”

मला आधी रागच आला. मी तर काहीच सांगितलं नव्हतं! ना कोणाचं नाव, ना प्रसंग, ना शेवट. मात्र नंतर त्याचं म्हणणं हळूहळू पटलं. काय होणार हे मी सांगितलं नव्हतं हे खरं. पण कुठे होणार आणि केवढं होणार, हे मात्र सांगून टाकलं होतं. त्यामुळे त्याच्या आधीचे सगळे भाग त्याच्यासाठी फलाटावर काढलेल्या वेळेसारखे झाले. आणि हुशार माणसाला ‘इथे काहीतरी मोठं आहे’ एवढं कळलं की बाकीचं तो स्वतःच जुळवतो. त्याला सुगावा मीच दिला होता.

स्पॉयलर म्हणजे शेवट, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत मला अपुरी वाटते. शेवट सांगू नये हे आता शाळकरी पोरांनाही माहीत आहे. खरा घात होतो तो छोट्या शब्दांनी. ‘पण’, ‘मग’, ‘खरं तर’, ‘वाटतं तसं नाही’. “एक साधा शिक्षक असतो, पण…” असं म्हणून कोणी थांबलं आणि डोळे मिचकावले, की त्या शिक्षकाचं साधेपण तिथेच संपलं. लेखकानं कदाचित तीन भाग खर्चून तुमचा त्याच्यावर विश्वास बसवला असेल. तुमच्या मित्राच्या बाबतीत तो विश्वास आता कधीच बसणार नाही, कारण तो पहिल्या सीनपासून त्या शिक्षकाकडे पोलिसाच्या नजरेनं बघणार. ‘जबरदस्त ट्विस्ट आहे’ हे तर त्याहून वाईट. मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाला ‘समोर खड्डा आहे’ म्हणून सावध करणं चांगलंच. पण लपंडाव खेळताना ‘दाराच्या मागे कोणीतरी आहे’ असं ओरडणारा भिडू कोणाला हवा असतो?

याला विरोध करणारे लोक आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. आमच्या महालातल्या वाड्यात एक काका होते, ते म्हणायचे, “रामायणात काय होते ते तुले माहीत नाही का बे? तरी कीर्तनाला गर्दी असतेच ना?” बरोबर आहे. नारदीय कीर्तनात उत्तररंगाला जे आख्यान लागतं ते ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना पाठ असतं. संस्कृत नाटकात सूत्रधार प्रस्तावनेतच विषय सांगून मोकळा होतो. आपण शेकडो वर्षं शेवट माहीत असलेल्या गोष्टी ऐकत आलो आहोत, मग हे स्पॉयलरचं खूळ आत्ताच कुठून आलं?

माझं उत्तर असं की गोष्टींच्या या दोन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांना एकच नियम लागू होत नाही. कीर्तनात सगळेच जाणकार असतात, म्हणून गंमत ‘काय’मध्ये नसून ‘कसं’मध्ये असते. सिरीजमध्येही ही जात आहे. 2019 साली आलेली पाच भागांची ‘चेर्नोबिल’ घ्या. 26 एप्रिल 1986 ला तिथली अणुभट्टी फुटली हे ज्याला ठाऊक नाही असा प्रेक्षक विरळा. स्फोट होणार हे सांगून तुम्ही त्या सिरीजचं काहीच बिघडवत नाही. उलट ते माहीत असल्यामुळेच प्रत्येक साध्या संवादाखाली भीती साचत जाते. ‘डार्क’ मात्र दुसऱ्या जातीची आहे. तिच्यात कोणती गोष्ट प्रेक्षकाला कोणत्या क्षणी कळते, हा क्रम म्हणजेच ती सिरीज. तो क्रम विस्कटला की हातात फक्त माहिती उरते. तेव्हा मी स्वतःला एवढंच विचारतो: ही गोष्ट बनवणाऱ्यांनी प्रेक्षकाला कधी सांगितली? ज्या मिनिटाला त्यांनी सांगितली, त्याच्या एक मिनिट आधीही मी ती सांगू नये. ‘चेर्नोबिल’ची तारीख त्यांनी दडवलेलीच नाही, म्हणून ती मोकळी. ‘डार्क’चा प्रकार कोणता, ती भयकथा आहे की पोलीसकथा की आणखी काही, हेसुद्धा त्यांनी तुम्हाला हळूहळू उमगू दिलं आहे. म्हणून तो प्रकार मी या लेखात कुठेही लिहिणार नाही. पाहिलेले वाचक हसतील, हसू द्या.

दुसरा विरोध अभ्यासकांचा. 2011 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांनी बारा लघुकथा घेऊन प्रयोग केले. काही वाचकांना गोष्टीचा उलगडा आधीच सांगितला, काहींना नाही. गंमत म्हणजे उलगडा माहीत असलेल्यांनी गोष्टी एकूणात जास्त आवडल्याचं सांगितलं. तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर शेवट फोडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात हे कोलीत आहे: “अरे, संशोधन सांगते, स्पॉयलरनं मजा वाढते!” पण ती लघुकथा होती, एका बैठकीत संपणारी. तिथे वाचक प्रश्न डोक्यात घेऊन आठवडाभर ऑफिसला जात नाही, रात्री अंथरुणात त्याचा कीस पाडत नाही. शिवाय 2015 साली बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांना जवळपास उलटं आढळलं. शेवट माहीत नसलेल्या गोष्टी वाचकांना जास्त उत्कंठेच्या आणि जास्त हलवून सोडणाऱ्या वाटल्या. म्हणजे प्रयोगशाळेतून अजून तरी एकमुखी निकाल नाही.

आणि निकाल लागला तरी माझा मुद्दा तिथे अडकलेला नाही. ज्याला शेवट आधी जाणून मग बघायचं असेल, तो दोन मिनिटांत तो शोधून काढू शकतो. माझी एक मावशी रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचते आणि मग निवांत पहिल्यापासून सुरू करते, तिचा तो हक्कच आहे. पण ज्याला माहीत नसताना बघायचं आहे, त्याच्याकडून ते एकदा गेलं की परत आणता येत नाही. जाणणाऱ्याला न जाणणारा होता येत नाही. दुसऱ्यांदा बघायचा आनंद सगळ्यांना कधीही मिळतो. पहिल्यांदाचा मात्र प्रत्येकाला एकदाच. तो खर्च करायचा अधिकार शिफारस करणाऱ्याला नाही.

मग काहीच सांगू नये का? “बस, तू पाह्य, विश्वास ठेव” म्हणणारेही आहेत. मला तो आळस वाटतो. ‘डार्क’चे तीन सीझन आहेत, पहिल्यात दहा आणि पुढच्या दोन्हींत आठ-आठ, मिळून 26 एपिसोड. नोकरीधंदा सांभाळणाऱ्या माणसाच्या किती रात्री तुम्ही मागताय याचा हिशोब करा. एवढं मागायचं तर कारण द्यायला हवं, आणि ते कारण कथानकाच्या बाहेर शोधता येतं.

माझा दुसरा एक मित्र कोराडीला राहतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी मी त्याला जे लिहिलं ते इथे जसंच्या तसं देतो. पहिल्या मित्राच्या फटक्यानंतर मी ते तीनदा खोडलं होतं.

“काय बे, झोपला का? तुझ्यासाठी एक सिरीज काढून ठेवली आहे. ‘डार्क’. जर्मन आहे, नेटफ्लिक्सवर. तीन सीझन, 26 एपिसोड, आणि गोष्ट पूर्ण होते, मधातच लटकवून ठेवत नाही. विंडेन नावाचं गाव आहे, जंगलाच्या काठी. तुमच्याकडे कुठूनही पाहिलं तरी कोराडीच्या चिमण्या दिसतात ना, तसे तिथे अणुवीज प्रकल्पाचे कूलिंग टॉवर. सिरीज सुरू होते तेव्हा गावातलं एक पोरगं हरवलेलं आहे. चार घरं आहेत आणि चारही घरांत काही ना काही झाकलेलं आहे. याच्यापुढे विचारू नको, सांगणार नाही.

“आवाज जर्मनच ठेव, खाली सबटायटल. म्हणजे जेवता जेवता नाही पाहता येणार. कूलर चालू असताना तं नाहीच, पाऊस लागू दे मग सुरू कर. पहिल्या दोन एपिसोडमध्ये कोण कोणाचा कोण ते समजणार नाही. तुझं काही चुकत नाही, सगळ्यांचं तसंच होते. एक वही घे, नावं लिहीत जा. गुगलवर कोणाचं नाव टाकू नको. अगदी सुरुवातीलाच एक माणूस आत्महत्या करते, ते दाखवलं आहे, म्हणून मन ठीक असन त्या दिवशीच लाव. तीन एपिसोडनंतर नाही जमलं तं सोडून दे, मी तोंड फुगवणार नाही. मला काहून आवडली सांगू? आईबाप पोरांपासून जे लपवतात त्याचं ओझं पोरंच कशी वाहतात, हे इतक्या शांतपणे दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं. तुझी आठवण आली.”

यातल्या प्रत्येक वाक्याची मी झडती घेतली होती. कथानकातलं म्हणाल तर तीनच गोष्टी आहेत: प्रकल्प, हरवलेलं पोरगं, चार घरं. तिन्ही गोष्टी सिरीज सुरू होताना आधीच असतात. हा माझा कामाचा नियम, आणि तो व्याकरणाचा आहे: ‘आहे’ आणि ‘झालेलं आहे’ चालतं, ‘होतं’ आणि ‘मग होतं’ चालत नाही. पडदा उघडतो तेव्हाची गावाची हालत सांगावी. पडदा उघडल्यावर जे घडतं त्याला हात लावू नये. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, “एक पोरगं हरवलेलं आहे, पण गोष्ट तेवढीच नाही.” तो ‘पण’ दिसला आणि धरमपेठेतला ठेला आठवला. खोडला.

अपवाद एकच केला, आत्महत्येचा, आणि तो विचार करून केला. ते दृश्य अगदी सुरुवातीचं आहे, त्यामुळे त्यात कोणतं रहस्य फुटत नाही. पण ते नंतरच्या एखाद्या भागात असतं तरी मी सांगितलं असतं. ओळखीतल्या एका घरात असं घडलेलं आहे. तिथल्या मैत्रिणीला मी सिरीजचं नाव सांगायच्या आधी हे सांगितलं, आणि पुढे आणखी कुठे काय आहे तेही तिनं विचारलं म्हणून सांगितलं. तिच्या बाबतीत स्पॉयलर न देणं हाच निष्ठुरपणा झाला असता. ‘आमच्यात स्पॉयलर चालत नाहीत’ असं अभिमानानं म्हणणारे लोक हे विसरतात की अचानक समोर येणं काहींसाठी मौज असते आणि काहींसाठी जखम. कोणासाठी काय, हे ज्याला माहीत असतं तोच मित्र; म्हणून तर अनोळखी समीक्षकाच्या पाच ताऱ्यांपेक्षा त्याच्या शिफारशीचं वजन जास्त.

‘गोष्ट पूर्ण होते’ हे वाक्य ठेवावं की नाही यावर मी बराच वेळ घालवला. एक प्रकारे तीही शेवटाबद्दलची माहिती आहे. पण ती घाटाबद्दलची माहिती आहे, कथेबद्दलची नाही. अर्धवट बंद पडलेल्या सिरीजांनी आपण सगळेच पोळलेले आहोत, त्यामुळे 26 रात्री गुंतवण्याआधी माणसाला हे विचारण्याचा हक्क आहे. सुरुवात जड जाते हे सांगण्याचंही तसंच. लेखक-दिग्दर्शक जोडी, यांट्ये फ्रीझ आणि बारान बो ओडार, यांनी पात्रांची ओळख करून द्यायची कसलीच घाई केलेली नाही. ते आधी सांगितलं नाही तर चांगला प्रेक्षक स्वतःलाच मंद समजून दुसऱ्या भागात उठून जातो. ही सिरीज अर्ध्यात सोडलेल्या ज्यांना ज्यांना मी विचारलं, त्यांतल्या बहुतेकांनी हेच सांगितलं: कंटाळा आला म्हणून नाही, नावं लागेनात म्हणून सोडली.

कूलरचा उल्लेख वाचून बाहेरगावचे वाचक हसले असतील. ज्यांनी मे महिन्यातला नागपुरी कूलर ऐकला आहे ते हसणार नाहीत. त्या घरघरीत मारामारीची सिरीज निभते. ‘डार्क’मध्ये बेन फ्रॉस्टचं पार्श्वसंगीत कित्येकदा नुसत्या खर्जातल्या गुणगुणीसारखं असतं आणि माणसं पुटपुटतात. विंडेनमध्ये पाऊस थांबतच नाही, आणि बाहेर 45 अंश तापलेलं असताना तो ओलावा अंगाला लागत नाही. डबिंग नको म्हणण्याचं कारणही कानाचंच: भाषा कळली नाही तरी माणूस कुठे अडखळतो ते आवाजात कळतं, आणि या सिरीजमध्ये अडखळणं महत्त्वाचं आहे. कशी बघायची हे सांगून कोणाचीच मजा जात नाही. तरीही आपल्या शिफारशींमध्ये नेमकं हेच नसतं. ‘लय भारी’ असतं आणि ट्विस्टची जाहिरात असते.

गुगलबद्दलची सूचना मला स्वतःच्या चुकीतून सुचली. मी पहिल्यांदा बघत होतो तेव्हा एका पात्राचं नाव विसरलो म्हणून टाइप करायला गेलो, आणि नाव पूर्ण व्हायच्या आत खाली सुचवलेल्या प्रश्नांमध्ये त्याचं कोणाशी काय नातं आहे ते छापून आलं. लाखो लोकांनी विचारलेला प्रश्न हा आपोआप स्पॉयलर असतो. नेटफ्लिक्सनं तिसऱ्या सीझनच्या वेळी यावर चांगला तोडगा काढला होता. dark.netflix.io या पानावर आधी विचारलं जायचं की तुम्ही कुठल्या एपिसोडपर्यंत आला आहात, आणि मग फक्त तिथपर्यंतचीच माहिती उघडायची. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. चांगला मित्रही हेच करतो. “कुठपर्यंत आलास?” हे न विचारता जो बोलायला सुरुवात करतो, त्याच्यापासून चार हात लांब राहावं.

राहिला मुदतीचा प्रश्न. ‘डार्क’ डिसेंबर 2017 मध्ये सुरू झाली आणि जून 2020 मध्ये संपली. इतकी वर्षं झाली, आता कसला स्पॉयलर, असं म्हणतात. चार लोकांत बोलताना हे मला मान्य आहे. समीक्षकानं जन्मभर तोंड दाबून लिहावं अशी अपेक्षा कोणी करू नये. अगाथा ख्रिस्तीचं एक नाटक लंडनमध्ये 1952 पासून चालू आहे, आणि खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना केली जाते. पण ती विनंती आहे, कायदा नाही. एकट्या मित्राशी बोलताना मात्र मुदत नावाची गोष्टच नसते. त्यानं पाहिलेली नाही तोवर ती त्याच्यासाठी आज सकाळी आलेली आहे. कोराडीच्या मित्राला मी लिहिलं तेव्हा ती संपूनही काही वर्षं लोटली होती, तरी त्याला तिच्यातलं काहीही माहीत नव्हतं. अशी कोरी पाटी आजकाल फार कमी जणांकडे सापडते.

महिनाभर त्याचं उत्तर नव्हतं. मीही विचारलं नाही. ‘पाहिली का, कुठपर्यंत आला’ असा रोज तगादा लावणं हीसुद्धा त्याची मजा खाण्याचीच एक तऱ्हा आहे. मग जुलैत, रात्री दोनच्या सुमारास, मोबाईलवर एक फोटो आला. दोनशे पानी वही, पानभर नावं, नावांमधून गेलेल्या रेघा, काही रेघा खोडून लाल पेनानं पुन्हा काढलेल्या. त्यातली एक चूक आहे हे मला लगेच दिसलं. खाली लिहिलं होतं, “बरोबर आहे का बे?”

मी लिहिलं, “कुठपर्यंत आला?”